पी/ई सारखा, एबिटा सारखा, मग ४०० कोटीवाली साखर कंपनी स्वस्त का नाही?

विटा_ट्रेडर:
दोन साखर कंपन्या बघतोय, नावं घेत नाही, नाहीतर टिप दिली म्हणून बोंब व्हायची. दोघींचा एबिटा, म्हणजे व्याज, घसारा, कर जायच्या आधीची कमाई, २०० कोटी, घसारा ५०. पहिलीची मार्केट कॅप १००० कोटी, कर्ज २००, व्याज १८. दुसरीची मार्केट कॅप ४००, कर्ज ११००, व्याज ९९. पी/ई, म्हणजे नफ्याच्या किती पट किंमत, दोघींचा १० च्या आसपास. म्हणजे तेवढाच धंदा ४०० कोटीत मिळतोय. तरी लोक किमतीत कर्ज मिळवून ईव्ही ईव्ही करत बसतात. कर्ज कंपनीचं आहे, माझं नाही. चुकतोय का?

कृष्णाकाठ:
झोपायला चाललो होतो, शेवटची दोन वाक्यं वाचली आणि परत लॅपटॉप उघडला. बँकेत साखर कारखान्यांच्या कर्जाच्या फायली बघण्यात नोकरी गेली माझी, त्यामुळं हे असलं वाचून गप्प बसवत नाही.

उद्या कुणी अख्खी दुसरी कंपनी विकत घ्यायला आला तर भागधारकांच्या हातावर ४०० ठेवून त्याची सुटका होत नाही, बँकांचे ११०० पण त्याच्याच गळ्यात पडतात. त्याला ती १५०० ला पडली, हाच तिचा ईव्ही. पहिली पडते १२०० ला. रोकड दोन्हीकडं नावालाच असेल, म्हणून वजा करत बसलो नाही. म्हणजे २०० चा एबिटा पहिलीकडं सहा पटीत मिळतोय आणि दुसरीकडं साडेसात पटीत. आता सांगा महाग कुठली. एबिटा हा व्याज द्यायच्या आधीचा आकडा, त्याच्यावर बँकेचा पण हक्क आहे आणि तुमचा पण, मग तो नुसत्या तुमच्या ४०० शी लावून "केवढी कमाई, केवढ्यात" म्हणायचं हा कुठला हिशेब?

आणि पी/ई. व्याज, घसारा, २५ टक्के कर काढला की पहिलीकडं ९९ कोटी उरतात, दुसरीकडं ३८. एकीकडं १००० ला ९९, दुसरीकडं ४०० ला ३८, म्हणून सारखा दिसतो. आता एखाद्या हंगामात उसातला साखरेचा उतारा पडू द्या, साखरेचा दर बसू द्या, एबिटा १५० होऊ द्या. पहिलीचा नफा साठाच्या वर राहतो. दुसरीचा १५० मधून ५० आणि ९९ गेले, उरला एक कोटी, त्यातूनही कर द्यायचा. एका पडत्या हंगामात एकीचा नफा कमी होतो आणि दुसरीचा संपतो, आणि तुमच्या पी/ईला आज दोघी जुळ्या बहिणी दिसतायत.

विटा_ट्रेडर:
साहेब, पडता हंगामच का धरायचा? एबिटा २० टक्के वाढला तर? तुमचीच साडेसात पट धरू, २४० चे १८०० होतात, त्यातून ११०० काढा, ७०० राहिले. माझे ४०० चे ७००. पहिलीत तेवढ्याच वाढीला १००० चे १२४० होणार. कर्ज आहे म्हणूनच तर मजा आहे.

कृष्णाकाठ:
गणित बरोबर आहे, अभिनंदन. तेच २० टक्के खाली नेऊन बघा, १६० चे १२०० होतात, बँकेचे ११०० काढले की १०० राहतात, तुमचे चारातले तीन हिस्से गेले. कर्जावर पैज लावायची तर जरूर लावा, पैसा तुमचा आहे. पण मग "स्वस्त मिळतीय" असं म्हणून दुसऱ्यांना हाका मारू नका.

कराड_एमआयडीसी:
"कर्ज कंपनीचं, माझं नाही" हे वाक्य मी पण म्हणायचो. रस्ते बांधणारी एक कंपनी होती, नाव नको, शेअर ८० चा २० ला आला तेव्हा सरासरी काढायला अजून घेतला. प्रकरण दिवाळखोरीत गेलं, बँकांनाच पुरतं मिळालं नाही तर भागधारकांना कुठलं. शेअर डिलिस्ट झाला आणि डीमॅटमध्ये एक ओळ राहिली, ती बायकोला दाखवायला अजून धीर होत नाही. कर्ज आपलं नसतं हे खरं आहे, पण त्याच्या पुढं रांगेत आपला नंबर शेवटचा असतो.

एक मात्र कृष्णाकाठ यांना विचारायचं आहे. असल्या बुडत्या कंपनीचं कर्ज बँकाच निम्म्या भावात विकायला तयार असतात. मग ईव्हीत पूर्ण ११०० धरणं कितपत खरं?

कृष्णाकाठ:
रास्त प्रश्न. कंपनी खरंच बुडत असेल तर पूर्ण कर्ज धरून ईव्ही फुगतो, तिथं कर्जाचा बाजारभाव धरायला पाहिजे. पण आपल्याकडं तो भाव छापून कुठं येतो? ही कंपनी व्याज वेळेवर भरतीय, म्हणून मी ११०० च धरले.

सीए_फायनल_बाकी:
सगळे एक गोष्ट विसरताय. साखर कारखान्याचं मार्चचं कर्ज हे खरं कर्ज नसतंच! नोव्हेंबर ते मार्च गाळप, सगळी साखर गोदामात, ती तारण ठेवून बँकेचं मालतारण कर्ज, आणि केंद्राचा महिन्याचा कोटा असल्यामुळं विक्री वर्षभर हळूहळू. ११०० मधले ७०० सहज मालतारणाचे असतील. साखर विकली की फिटले. ते वजा केले तर ईव्ही ८०० आणि पट फक्त चार. विटा_ट्रेडर बरोबर आहेत, कारण चुकीचं देतायत एवढंच.

विटा_ट्रेडर:
बघा. शेवटी शिकलेला माणूस आला.

कृष्णाकाठ:
निम्मं बरोबर बोललात आणि ते निम्मं महत्त्वाचं आहे. साखरेत ३१ मार्चचा ताळेबंद म्हणजे कर्ज सगळ्यात वर असतानाचा फोटो, तो जसाच्या तसा धरू नये. पण सगळं मालतारण पण वजा करू नये, कारण पुढच्या नोव्हेंबरात ते परत उभं राहतं. वर्षाचं सरासरी कर्ज धरावं, आणि दोन्ही कंपन्यांना एकच माप लावावं, नुसत्या आवडत्या कंपनीला नाही.

ते सरासरी कर्ज बाहेरच्या माणसाला कळतं कसं? व्याजावरून. वर्षाचं व्याज ९९ आहे. साधारण ९ टक्के दर धरला तर वर्षभर सरासरी ११०० कोटी अंगावर असल्याशिवाय एवढं व्याज होत नाही. तुम्ही म्हणता तसं मार्चला ११०० आणि सप्टेंबरला ४००-५०० असतं तर सरासरी ८०० च्या आसपास, व्याज ७२ च्या आसपास यायला पाहिजे होतं. आलंय ९९. म्हणजे एक तर दर ९ पेक्षा बराच जास्त आहे, किंवा हे कर्ज हंगामी नाहीच, डिस्टिलरीसाठी काढलेलं मुदतीचं कर्ज आहे जे साखर विकून फिटत नाही. किंवा मग मार्चच्या तोंडावर कर्ज कमी करून दाखवलंय.

सीए_फायनल_बाकी:
कमी करून कसं दाखवणार? ऑडिट असतं.

वाळव्याचा_ऊसवाला:
मी सांगतो कसं. आमची बिलं थांबवून.

मला तुमचं ईव्ही फिव्ही कळत नाही. आमच्या सहकारी कारखान्याच्या शेअरला बाजारात भावच नाही, बापानं घेतलेलं सर्टिफिकेट अजून ट्रंकेत आहे, त्याच्यावर वर्षाची सवलतीची साखर मिळते तेवढीच त्याची मार्केट कॅप. पण १४ दिवसात बिल द्यायचा कायदा आहे आणि जानेवारीत घातलेल्या उसाचं बिल मला मे मध्ये मिळालंय. चार महिने कारखाना माझ्या पैशावर चालला, तेवढं कर्ज बँकेकडनं कमी काढायला लागलं असणार. तुमच्या त्या ११०० मध्ये माझे पैसे कुठं आहेत?

सीए_फायनल_बाकी:
काका, ऊसबिल म्हणजे व्यापारी देणी. ती ईव्हीत धरत नाहीत. आणि इथं शेअरची चर्चा चालू आहे, आंदोलन नाही.

वाळव्याचा_ऊसवाला:
आंदोलन?? तुमचा तो एबिटा कुठनं निघतो, आकाशातनं? आमच्या उसातनंच की. २०२२ ला सरकारनं एफआरपीचे, म्हणजे उसाच्या ठरलेल्या किमान दराचे, दोन तुकडे करायचा जीआर काढला, तो २०२५ ला हायकोर्टानं रद्द केला तेव्हा कुठं एकरकमी म्हणायची सोय झाली. तोपर्यंत आम्ही बिनव्याजी बँक. उशीर झाला तर १५ टक्के व्याज द्यायचं कायद्यात लिहिलंय, ते मला तरी कधी मिळालेलं नाही. मागायला गेलो की पुढच्या वर्षी तोड येत नाही.

कराड_एमआयडीसी:
काका तोड वेळेवर न मिळणं हा आमच्याकडं पण प्रश्न आहे, टोळीवाले एकरी वरचे पैसे मागतात ते वेगळंच.

वाळव्याचा_ऊसवाला:
ते तर बोलूच नका. गेल्या हंगामात एंट्रीचे पैसे, कोयत्याला जेवण, ट्रॅक्टरवाल्याचं चहापाणी, सगळं देऊन वर फड पेटवून तोडला आणि काट्यावर जळीत म्हणून कपात.

विटा_ट्रेडर:
माझा धागा होता हा.

कृष्णाकाठ:
थांबा, ऊसवाले काका या धाग्यावर सगळ्यात कामाचं बोललेत. सीए साहेब, नेहमीची व्यापारी देणी ईव्हीत धरत नाहीत हे पुस्तकात बरोबर आहे. धंद्यात माल उधारीवर येतोच, १४ दिवसांच्या आतलं ऊसबिल त्यातच सोडून द्या. पण १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात १४ दिवसांनंतर १५ टक्के व्याज सांगितलंय. मुदत टळलेलं आणि व्याज लागू झालेलं देणं म्हणजे कर्जच, बँकेऐवजी शेतकऱ्याचं. कारखान्यानं मार्चमध्ये बिलं अडवली की बँकेचं कर्ज खाली दिसतं आणि व्यापारी देणी वर जातात. ऑडिटरची त्याला हरकत नसते, दोन्ही आकडे खरेच असतात.

विटा_ट्रेडर, दोन्हीच्या व्यापारी देण्यांचा आकडा टाका.

विटा_ट्रेडर:
पहिली ६०. दुसरी २६०. झालं समाधान?

कृष्णाकाठ:
सारखा एबिटा, ऊसही साधारण तेवढाच असणार, आणि देण्यांत २०० चा फरक. त्यातले १५० जरी थकीत ऊसबिलाचे निघाले तरी ईव्ही १६५० आणि पट सव्वाआठ. शिवाय ते १५ टक्के व्याज खर्चात धरलंय का बघा. नसेल तर तुमचे ३८ कोटी पण खरे नाहीत आणि पी/ई पण १० नाही.

सीए_फायनल_बाकी:
"१५० जरी निघाले तरी" हा तुमचा अंदाज आहे. २६० मध्ये स्टोअर, केमिकल, तोडणी-वाहतूक सगळंच येतं. डिस्टिलरीचा कच्चा माल पण असेल. प्रत्येक देणं कर्ज म्हणून धरायला लागलात तर कुठलीच कंपनी विकत घेण्यासारखी राहणार नाही. थकीत तेवढंच धरा म्हणालात तर मान्य, पण थकीत किती ते तुम्हाला माहीत नाही.

कृष्णाकाठ:
मान्य, तो आकडा बाहेरून नेमका कळत नाही. साखर आयुक्तालयाचे थकीत एफआरपीचे कारखानावार आकडे पेपरात येतात, ते लावून बघता येईल.

विटा_ट्रेडर:
ठीक आहे, "स्वस्त" शब्द मागे घेतो, तुमच्या सगळ्यांच्या आग्रहाखातर. शेअर विकत नाही, हंगाम चांगला आहे. सप्टेंबरअखेरचा ताळेबंद निकालासोबत येईल तेव्हा बघू. त्यात नेमकं काय बघायचं तेवढं सांगा, भाषण नको.

कृष्णाकाठ:
कर्ज आणि व्यापारी देणी, दोन्ही एकत्र. साखर विकली गेल्यावर दोन्ही खाली आली तर सीए साहेबांचं हंगामी कर्जाचं म्हणणं बरंचसं खरं. देणी खाली आणि कर्ज जागेवरच, तर मार्चचा आकडा ऊसबिलं थांबवून सजवलेला होता आणि शेतकऱ्याचे पैसे बँकेकडनं काढून भागवले. साखरेचा साठा संपलाय आणि दोन्ही जागेवर आहेत, तर भाषण सुद्धा करणार नाही.

वाळव्याचा_ऊसवाला:
कंपनीचं नाव मला व्यक्तिगत निरोपात तरी सांगा. या वर्षी गेटकेन म्हणून बाहेरच्या कुठल्या कारखान्याला ऊस घालायचा ते ठरवायचंय.