लग्नाचं सोनं: पाटल्या आत्ताच घडवाव्यात की नाणी साठवावीत?

डोंबिवलीची_आई: मुलगी 23 वर्षांची, लग्न तीनेक वर्षांनी. हाताशी सव्वादोन-अडीच लाख आहेत. पाटल्या आत्ताच करून ठेवू, नाणी घेऊ की सरकारी रोखे? सराफ म्हणतो, "घडणावळ 14 टक्के, तुमच्यासाठी 12." बरोबर आहे का?

पेढीवरचा: एका पेढीवर 20 वर्षं हिशेब लिहिलाय. सोपं पडावं म्हणून 22 कॅरेटचा भाव ग्रॅमला 10,000 धरू. 20 ग्रॅमच्या पाटल्यांचं सोनं 2,00,000, घडणावळ 24,000, दोन्ही मिळून जीएसटी 3 टक्क्यांनी 6,720. झाले 2,30,720. हॉलमार्किंगचे नगाला 45 रुपये वेगळे, ते किरकोळ. उद्या मोडायला गेलात तर फक्त सोन्याचे पैसे, त्यात दोन टक्के घट धरली तर 1,96,000 हातात. म्हणजे भाव जवळपास 18 टक्के चढेल तेव्हा कुठे मुद्दल सुटेल. नाण्याची घडणावळ दोन-चार टक्क्यांतच भागते. आणि साध्या पाटल्यांना 12 मला जास्त वाटतात. आठपासून बोलायला सुरुवात करा.

आजीची_बोरमाळ: पाटल्या उद्या मोडायला कोण करतं हो? त्यांना नाण्यांच्याच पाटल्या करायच्या आहेत ना? मग तीन वर्षांनी पाटल्यांवर जीएसटी पुन्हा भरायचा आणि घडणावळ तेव्हाच्या भावावर. भाव 15,000 झाला तर त्याच 12 टक्क्यांचे 24,000 चे 36,000 होतात. काम तेच, सोनार तोच! आत्ताच करा, हे माझं मत.

पेढीवरचा: हे खरं, माझ्या हिशेबात आलं नव्हतं. पण मुलीला तो घाट आवडला नाही आणि पाटल्या मोडून दुसरं केलं, तर घडणावळ दोनदा आणि वर घट. अशी मोड आमच्याकडे दर लग्नसराईत यायची, कित्येकदा न वापरलेली.

रोखेच_बरे: एवढा हिशेब कशाला? बँकेत जा, सुवर्ण रोखे घ्या. ना घडणावळ, ना चोरीची भीती, वर वर्षाला अडीच टक्के व्याज.

नागपुरी_बाबू: अहो, नवे रोखे फेब्रुवारी 2024 नंतर निघालेच नाहीत. आता जुनेच शेअर बाजारातून घ्यायचे, त्याला डीमॅट खातं लागतं. व्याज मूळ विक्री किमतीवर मिळतं, तुम्ही मोजलेल्या किमतीवर नाही. 4,000 ला निघालेला रोखा 10,000 ला घेतलात तर वर्षाला मिळणार 100 रुपयेच. काही मालिकांत सौदेही तुरळक, म्हणजे विकायच्या दिवशी गिऱ्हाईक नाही. कराचं सीएला विचारूनच घ्या. आणि शेवटी हातात रोकड येते, पाटल्या नाही.

कर्जदार_कोल्हापूर: सोनेतारण कर्ज हवं असेल तर दागिनाच बरा, नाण्यांवर मर्यादा असते.

डोंबिवलीची_आई: कर्ज नकोय हो, लग्नाचं विचारतेय.

ठेच_लागलेली: घडणावळीवर सगळे बोलताहेत, वजनावर कोणीच नाही. आमच्या गावातल्या सराफाकडून मंगळसूत्र घेतलं, बिलावर 18 ग्रॅम. मोडायला नेलं तेव्हा काळे मणी काढून साडेपंधरा भरलं. अडीच ग्रॅम काचेचे मणी सोन्याच्या भावाने! बिलात निव्वळ वजनाचा रकानाच नव्हता.

रोखेच_बरे: हॉलमार्क बघायचा ना. 916 असलं की झालं.

पेढीवरचा: नुसता 916 कोणीही ठोकेल. 1 एप्रिल 2023 पासून बीआयएसचा त्रिकोण, 22K916 आणि सहा अक्षर-अंकी एचयूआयडी अशा तीन खुणा लागतात. हे भिंगातून वाचा आणि दुकानातच BIS Care अ‍ॅपमध्ये Verify HUID वर टाका. शुद्धता, सराफाची नोंदणी, तपासणी केंद्र आणि दागिन्याचा प्रकार दिसतो. प्रकार नक्की बघा. हातात पाटली आणि पडद्यावर अंगठी आली, तर तो नंबर दुसऱ्याच डागाचा. पण हा शिक्का मंगळसूत्रात मणी किती ते सांगत नाही, ते बिलातल्या निव्वळ वजनावरूनच कळतं. दोन पाटल्या म्हणजे दोन नंबर. शंका आली तर बीआयएसमान्य केंद्रात स्वतः तपासून घेता येतं. शुद्धता कमी भरली तर नियमाने फरकाच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च मिळतो, पण बिल पक्कं हवं.

आजीची_बोरमाळ: नाणी घ्यायचीच झाली तर बँकेतून नको. बँक विकते, परत घेत नाही. ज्याच्याकडे पाटल्या करणार त्याच्याकडूनच घ्या आणि पूर्ण वजनाला बदलून देणार का, ते लेखी घ्या. माझं मत मात्र पाटल्याच.

डोंबिवलीची_आई: मुलीला विचारलं. म्हणते, पाटल्या घालणारच नाही, एखादी नाजूक साखळी चालेल. सासूबाई म्हणतात, पाटल्यांशिवाय मुलगी उभी करायची नाही. निम्म्याची नाणी घेऊन ठेवते, बाकीचं या दोघींचं ठरल्यावर. नाण्याचं पाकीट फोडलं तर चालतं का?

पेढीवरचा: फोडू नका. फोडलं की पुन्हा कस लावतात आणि काही जण घटही धरतात. सासूबाईंना दाखवायचं तर पाकिटातूनच दाखवा.