अनुभव धागा : टीव्हीचा पूर्ण मॉडेल क्रमांक कसा शोधला आणि त्यावरून काय काय कळले?

कृष्णाकाठ

रिमोट बिघडला, भिंतीवरचा स्टँड घ्यायचा ठरला किंवा साउंडबार जोडायचा झाला, की दुकानदाराचा पहिला प्रश्न मॉडेल क्रमांकाचा असतो आणि आपण बहुतेक वेळा "त्रेचाळीस इंची आहे" एवढेच सांगू शकतो. हा क्रमांक तुम्ही कुठे शोधलात, त्यावरून माहितीपुस्तिका किंवा जोडसाहित्य कसे मिळाले आणि अडचण नेमकी कुठे आली, हे सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे. सुरुवात मी करते.

सातारच्या घरी आईवडिलांकडे एलजीचा टीव्ही आहे. तो भिंतीला इतका लगटून बसवला आहे, की मागचे लेबल डोळ्यांना दिसत नाही. मोबाइलचा फ्लॅश चालू ठेवून हात मागे सरकवला आणि अंदाजाने फोटो काढले, तेव्हा एका फोटोत लेबल स्पष्ट आले. त्यावर 43UN7300PTC असा क्रमांक होता आणि दुसऱ्या ओळीत तोच क्रमांक, पुढे टिंब आणि ATR ही अक्षरे होती. पहिले 43 म्हणजे इंच, U म्हणजे फोर-के एलईडी, N म्हणजे 2020 सालची मालिका आणि 7300 हा त्या मालिकेतील प्रकार. शेवटची अक्षरे कोणत्या बाजारासाठी आणि कोणत्या बांधणीचा संच आहे, हे सांगतात.

आईला हवा होता पडद्यावर बाण फिरवणारा मॅजिक रिमोट. हे रिमोट सालाप्रमाणे बदलतात. 2019 च्या संचांसाठी AN-MR19BA, तर 2020 च्या संचांसाठी AN-MR20GA. क्रमांकातील N हे अक्षर कळले नसते, तर दोन्ही रिमोट दिसायला सारखेच असल्यामुळे निवड केवळ नशिबावर राहिली असती. नवा रिमोट टीव्हीकडे धरून मधले चाक दाबले, जोडणी झाल्याचा संदेश आला आणि काम झाले.

पुस्तिकेबाबत मात्र एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. कंपनीच्या संकेतस्थळावर पूर्ण क्रमांक टाकला, तरी उतरवून मिळते ती पुस्तिका अनेक मालिकांसाठी एकत्र लिहिलेली असते आणि तिच्यात "मॉडेलनुसार फरक असू शकतो" हे वाक्य वारंवार येते. तिच्यात एखाद्या सुविधेचे चित्र आहे, म्हणून ती सुविधा आपल्या संचात असेलच असे नाही. त्यासाठी त्याच क्रमांकाचे तपशीलपत्रक वेगळे उघडावे लागते.

सह्यकडा

एवढा खटाटोप करण्याची आवश्यकता नाही, असे माझे मत आहे. मोबाइलवरून टीव्हीवर चित्र पाठवताना जी यादी येते, तिच्यात टीव्हीचे नाव आपोआप दिसते. आमच्या घरी [TV] Samsung 7 Series (43) असे येते. त्यावरून मालिका कळते, आकार कळतो आणि रिमोट घेण्यासाठी तेवढे पुरेसे असते. मी तसाच घेतला आणि तो व्यवस्थित चालतो.

पान्हापक्कड

टीव्ही दुरुस्ती हा माझा व्यवसाय आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

सह्यकडा यांचा साधा रिमोट चालला, कारण सॅमसंगचे बटणांचे साधे इन्फ्रारेड रिमोट वर्षानुवर्षे बऱ्याच अंशी एकमेकांना चालत आले आहेत. आवाजाने चालणारा ब्लूटूथ रिमोट घ्यायचा असता, तर ही खात्री देता आली नसती. यादीत दिसणारे ते नाव "सात हजारांच्या मालिकेतला, त्रेचाळीस इंची" एवढेच सांगते. 2018 चा संच आणि 2019 चा संच हे दोन्ही त्या नावाने दिसू शकतात. पूर्ण क्रमांक हवा असेल, तर सॅमसंगच्या स्मार्ट टीव्हीत Settings, मग Support, मग About This TV येथे जावे. तेथे UA43AU7700KLXL अशा स्वरूपाचा क्रमांक मिळतो. यातील UA हे आशियाई बाजाराचे चिन्ह आहे, 43 हा आकार, त्यानंतरचे A हे 2021 सालाचे आणि शेवटची XL ही अक्षरे भारतासाठी काढलेल्या संचाची.

सालाच्या अक्षरात एक फसवी जागा आहे, तिच्याकडे लक्ष वेधतो. ही अक्षरे फिरून पुन्हा वापरली गेली आहेत. UA40D5000 हा 2011 च्या सुमाराचा संच आहे आणि UA43DU7700 हा 2024 चा. D दोन्हीकडे आहे. माझ्याकडे एक गृहस्थ केवळ "डी सिरीज" एवढे सांगून बोर्ड मागत होते आणि त्यांचा संच जुना होता. म्हणून एकट्या अक्षरावर विसंबू नये, त्याच्या शेजारचे अक्षर आणि अंक सोबत वाचावेत.

दुसरी गोष्ट सुट्या भागांची. रिमोट, स्टँड आणि पुस्तिका यांच्यासाठी मॉडेल क्रमांक पुरतो. पडद्यामागच्या दिव्यांच्या पट्ट्या किंवा बोर्ड यांच्यासाठी तो पुरत नाही. सॅमसंगच्या लेबलवर मॉडेलच्या जवळ Version असे लिहून चार अक्षरांकांचा एक संकेत दिलेला असतो. एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळ्या पुरवठादारांचे पॅनेल बसवलेले असतात आणि त्यांतील फरक या संकेतावरून ओळखता येतो. तोही पुसला गेला असेल, तर मागचे झाकण उघडून पॅनेलवरचा आणि बोर्डावर छापलेला क्रमांक वाचण्याशिवाय दुसरा मार्ग नाही. हे काम घरी करू नये. प्लग काढल्यानंतरही पॉवर बोर्डावरील कॅपॅसिटरमध्ये काही काळ विद्युतभार शिल्लक राहतो.

गोदातीर

विषय महत्त्वाचा आहे, म्हणून माझीही शंका मांडतो. आमच्या टीव्हीवर दर महिन्याला पैसे संपल्याचा संदेश येतो आणि तेथे एक लांबलचक क्रमांक दिसतो. तो क्रमांक मी मुलाला कळवला, तर तो म्हणतो की या क्रमांकाचे कोणतेही मॉडेल सापडत नाही. माझे वय 74 आहे, कृपया सोप्या शब्दांत सांगावे.

कृष्णाकाठ

काका, तो क्रमांक टीव्हीचा नसून सेट टॉप बॉक्सच्या कार्डाचा किंवा तुमच्या ग्राहक खात्याचा असतो. टीव्हीचा क्रमांक टीव्हीच्या मागे चिकटवलेल्या कागदावर Model या शब्दासमोर असतो. तो दिसत नसेल, तर खरेदीचे बिल किंवा वॉरंटी कार्ड पाहावे, बहुतेक बिलांवर तो छापलेला असतो. एलजीचा टीव्ही असेल, तर आवाज बंद करण्याचे बटण लागोपाठ तीनदा दाबून पाहावे, काही संचांत मॉडेलची माहिती पडद्यावर येते.

गोदातीर

बिल सापडले. KD- ने सुरू होणारा क्रमांक आहे. मुलाला कळवतो. आभारी आहे.

रानफूल

काकांचा टीव्ही सोनीचा असावा, म्हणून माझा अनुभव येथे उपयोगी पडेल. आमच्या अँड्रॉइडवर चालणाऱ्या सोनी टीव्हीत About या पानावर BRAVIA 4K UR2 असे लिहिलेले आहे आणि तेच मॉडेल समजून मी बराच काळ शोध घेत होते. ते नाव आतील इलेक्ट्रॉनिक रचनेचे आहे, ते अनेक आकारांच्या आणि अनेक प्रकारच्या संचांना समान असते. खरा क्रमांक मदतीच्या विभागात, म्हणजे Help मधील System information येथे आणि मागच्या लेबलवर मिळतो.

माझे काम भिंतीच्या स्टँडचे होते. पूर्ण क्रमांकाच्या तपशीलपत्रकात मागच्या चार छिद्रांमधील आडवे आणि उभे अंतर मिलिमीटरमध्ये दिलेले असते. आमच्यासाठी ते 200 × 200 होते. तेवढ्यावर स्टँड मागवला असता, तर काम अर्धेच झाले असते, कारण स्क्रूची जाडी आणि लांबी ही त्याच्याइतकीच महत्त्वाची आहे. पुस्तिकेत M6 असा उल्लेख होता आणि स्क्रू किती आत जावा, तेही दिले होते. बसवणाऱ्याने स्टँडसोबत आलेले लांब स्क्रू काढले, तेव्हा मी पुस्तिकेचे ते पान त्याला दाखवले. त्याने स्क्रूवर वॉशर लावून लांबी जुळवली. गरजेपेक्षा लांब स्क्रू आतल्या भागांवर दाब देतो आणि बाहेरून ते कळतही नाही. स्क्रू हाताने सहज फिरत जाऊन अचानक अडला आणि स्टँडची पट्टी मात्र अजून सैल असली, तर तो लांब आहे असे समजावे.

न्यू जर्सीकर

येथून परतणारी अनेक कुटुंबे घरातला टीव्ही सोबत न्यावा का, असा प्रश्न विचारतात. आमच्या सॅमसंग टीव्हीचा क्रमांक UN ने सुरू होतो, म्हणजे तो उत्तर अमेरिकेसाठीचा संच आहे. त्याच मालिकेचा, UA ने सुरू होणारा भारतीय संच पुण्यात माझ्या बहिणीकडे आहे आणि समोरून पाहिले, तर दोघांत फरक दिसत नाही. मागचे लेबल मात्र वेगळे आहे: माझ्या संचावर 110 ते 120 व्होल्ट लिहिले आहे आणि भारतातला पुरवठा 230 व्होल्टचा आहे. बहिणीच्या संचाची पुस्तिका वाचून मी निर्णय घेतला असता, तर तो थेट प्लगला लावताच पॉवर बोर्ड जळण्याची शक्यता होती. शिवाय अमेरिकी संचातला अँटेनाचा ट्यूनर भारतातल्या प्रसारणाचा नसतो. सेट टॉप बॉक्स एचडीएमआयने जोडल्यास ती अडचण राहत नाही. आम्ही टीव्ही येथेच विकला. व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लावून कोणी तो भारतात दीर्घकाळ चालवला असल्यास, त्यांचा अनुभव वाचायला आवडेल.

मांडवीतीर

माझी अडचण अजून सुटलेली नाही. मडगावला भाड्याच्या घरात एका लहान ब्रँडचा टीव्ही मालकांनी ठेवला आहे. खाऱ्या हवेने आणि ओलीने लेबलचा अर्धा भाग गेला आहे, त्यावर आता फक्त बीआयएसच्या चिन्हाखालचा R- ने सुरू होणारा क्रमांक वाचता येतो. एका दुकानात सांगितले, की तोच मॉडेल क्रमांक आहे. तसे आहे का? मला साउंडबार जोडायचा आहे.

पान्हापक्कड

नाही. तो नोंदणी क्रमांक आहे. बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये तो टाकला, तर संच कोणत्या उत्पादकाच्या नोंदणीखाली बनला, हे कळते आणि लहान ब्रँडच्या बाबतीत ती माहिती उपयोगी असते, कारण अनेक ब्रँडचे संच दुसऱ्याच कारखान्यात तयार होतात. परंतु एका नोंदणीखाली अनेक मॉडेल असतात, त्यामुळे त्यावरून तुमचा संच निश्चित होणार नाही.

साउंडबारसाठी क्रमांकाशिवायही बरेच ठरवता येईल. एचडीएमआयच्या छिद्रांशेजारी ARC ही अक्षरे छापली आहेत का, ते पाहावे. असल्यास साउंडबारची केबल त्याच छिद्रात जोडावी; शेजारच्या छिद्रात लावली, तर टीव्हीचा आवाज बारमध्ये येत नाही. ती अक्षरे नसल्यास ऑप्टिकल किंवा हेडफोनचे छिद्र आहे का, ते पाहून त्याप्रमाणे बार निवडावा.

मांडवीतीर

पाहिले. ARC कुठेही लिहिलेले नाही, एका छिद्रावर चिकट झाकण आहे आणि ते निघत नाही. मालकांकडे जुने बिल मागितले आहे. अ‍ॅपमध्ये उत्पादकाचे नाव मिळाले, पण त्यांच्या संकेतस्थळावर टीव्हीचे एकही पान नाही. याच्या पुढे कोणी गेले असेल, तर कृपया लिहावे.