तीन टिंबांनी जांबोटीची ट्रिप घालवली, चूक कुणाची?

कडोलीची_पोर
मैत्रिणीला मेसेज टाकला, "रविवारी जांबोटीला जाऊया का, आठला गोगटे सर्कलवरनं, गाडी माझी". तिचा रिप्लाय "चालतंय..." एवढाच. मला वाटलं तिला मनातनं यायचं नाही, नुसतं माझं मन राखायला म्हणते, म्हणून मी परत काही विचारलं नाही आणि रविवारी झोपून राहिले. ही बया आठला डबा बांधून सर्कलला उभी! आता दोघी फुगलोय. माझं मत, मैत्रीच्या मेसेजात टिंबं बंदच करावीत. तुम्ही टिंबं, डॅश, उद्गारचिन्ह कुठं वापरता आणि कुठं नाही?

निपाणीचा_बाळू
चूक तुझी. चालतंय म्हणजे चालतंय, त्यात टिंबं मोजत कोण बसतंय. फोन करायचा की सरळ.

मच्छे_मावशी
खरंय बाई, टिंबाकडं कुणाचं लक्षच नाही आता. माझा नातू "मी घरात आहे" लिहितो ते "मी घरात आहें" करतो, आणि "पुस्तकं" वरचं टिंब खातो. शाळेत काय शिकवतात कुणाला ठाऊक.

कडोलीची_पोर
मावशी ते अनुस्वाराचं टिंब हो, मी वाक्याच्या शेवटच्या तीन टिंबांचं म्हणते 😄

मच्छे_मावशी
असं होय... मग ती तर मी पण देते... त्यात काय वाईट आहे...

शहापूरचा_जुना_कंपोझिटर
मावशींनी आत्ता जे केलं तेच सगळं प्रकरण आहे. मी छापखान्यात वीसेक वर्षं प्रूफं तपासली, पुस्तकात तीन टिंबं दोनच कामाला येतात, मधला मजकूर गाळलाय हे दाखवायला नाहीतर बोलणारा अर्ध्यावर थांबला हे दाखवायला. फोनवर आमच्या वयाच्या लोकांनी त्याला तिसरं काम लावलं, श्वास घ्यायचं. बटणाच्या फोनवर १ नंबरचं बटण दाबलं की पहिल्यांदा पूर्णविरामच यायचा, स्वल्पविरामाला परत दाबावं लागायचं, मग कोण दाबतंय, टिंब टिंब टिंब करून पुढं जायचं. ती सवय बोटात राहिली. मावशींच्या लेखी ती टिंबं म्हणजे एक वाक्य संपलं, दुसरं येतंय. पंचविशीतल्या पोरीला तीच टिंबं दिसली की ती छापील अर्थ लावते, बोलणं अर्धं राहिलं, काहीतरी पोटात ठेवलंय.

म्हणून बंदी घालून उपयोग नाही, जागा बघायची. टिंबांच्या पुढं त्याच मेसेजात आणखी काही लिहिलेलं असलं तर ती निरुपद्रवी, वाचणारा पुढं सरकतो. मेसेज टिंबांवरच संपला आणि वर एकच शब्द असला की घोटाळा. पाठवायच्या आधी टिंबांच्या जागी "पण" घालून वाचा. "चालतंय पण". तुम्हाला "पण" म्हणायचं नसलं तर टिंबं काढा. "आजीची फार आठवण येते..." इथं पुढं शब्द सुचत नाहीत हेच सांगायचंय, तिथं टिंबं राहू देत.

टिळकवाडी_ब्रो
मग पूर्णविराम द्यावा म्हणता? तो तर अजून डेंजर आहे काका, संशोधन झालंय त्यावर, पूर्णविराम दिला की समोरच्याला तुम्ही खोटारडे वाटता. मी कुठंच देत नाही.

उद्यमबाग_एमए
अर्धंच वाचलंस रे. २०१५ ला अमेरिकेत बिंगहॅमटन युनिव्हर्सिटीत झालं ते, कॉलेजच्या पोरांना दाखवलं, आमंत्रणाला एका शब्दाचं उत्तर, एकदा पूर्णविराम देऊन आणि एकदा न देता. पूर्णविरामवालं उत्तर जरा कमी मनापासूनचं वाटलं, खोटारडं बिटारडं काही नाही. आणि तेच उत्तर हातानं लिहिलेल्या चिठ्ठीवर दाखवलं तर फरक पडला नाही. सगळं इंग्रजीत. मराठीत "हो." वाचून असंच वाटतं का हे तेवढ्यावरनं सांगता येत नाही, मला स्वतःला वाटतं, पण ते माझं झालं. लांब मेसेजमध्ये तू पूर्णविराम गाळतोस तेव्हा तुझं कुठलं वाक्य कुठं संपतं ते आम्हाला कळत नाही, ते वेगळंच.

खानापूरकर
मला हा सगळा पुण्याकडचा प्रॉब्लेम वाटतो. आपल्याकडं "की" आहे की! "चालतंय की" लिहिलं असतं तर ही पोर जांबोटीला पोचली असती. "ये" म्हटलं तर हुकूम, "ये की" म्हटलं तर आग्रह, "ये हं" म्हटलं तर लाड. कन्नडात पण बघा, दोस्ताला "बा" आणि मोठ्या माणसाला "बर्री", त्या "री"त सगळा मान आला. शब्दात सूर असताना चिन्हं कशाला पाहिजेत? मोडीत तर विरामचिन्हं नव्हतीच, आपल्या पणज्यांची पत्रं काय कुणाला कळत नव्हती?

शहापूरचा_जुना_कंपोझिटर
"की"चं एकदम मान्य, मला सुचायला पाहिजे होतं. मोडीचं मात्र नाही पटत. त्या पत्रांची भाषा ठरलेली असायची, मायना ठरलेला, शेवट ठरलेला, वाचणाऱ्याला आधीच माहीत कुठं काय येणार. आणि "की" रागात पण येतो, "सांगितलं होतं की". तो लिहिलेला वाचून सूर कुठला ते परत आपणच ठरवतो.

टिळकवाडी_ब्रो
बरं मग उद्गारचिन्ह? "चालतंय!!!" लिहिलं असतं तर विषयच संपला असता.

उद्यमबाग_एमए
एक पुरे होतं. तिसऱ्या चिन्हानं आनंद तिप्पट होत नाही, उलट पुढच्या वेळी तू एकच दिलंस की समोरच्याला वाटतं आज ह्याचा मूड गेलाय. आणि क्रियापद बघ. "मजा आली!" चांगलं, पण "लवकर ये!" "पैसे पाठव!" हे ओरडल्यासारखं लागतं. "पोचलीस!" ह्यात तर कौतुक आहे का उशिरा आल्याचा टोमणा तेच कळत नाही. आमच्या गल्लीच्या ग्रुपवर कुणी गेलं की "भावपूर्ण श्रद्धांजली!!" येतं, मला दर वेळी कसंतरी होतं.

निपाणीचा_बाळू
"अरेरे!" ला उद्गारचिन्ह देतातच की व्याकरणात. दुःखाला चालतं.

उद्यमबाग_एमए
"अरेरे" हा तोंडातनं निघालेला उद्गार आहे बाळू, तिथं बरोबर. श्रद्धांजली तू वाहतोस, तोंडातनं फुटत नाही ती. पण तुला चालत असेल तर भांडत नाही, आमच्या आबांना पण चालतं.

मच्छे_मावशी
आबांवरनं आठवलं... आमचे हे मेसेजच्या खाली रेघ मारून नाव लिहितात, पत्रात लिहायचे तसं... हल्ली रेघेच्या जागी गोळा येतो... फोन बिघडलाय का...

टिळकवाडी_ब्रो
नाही मावशी, फोन बरा आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर ओळीच्या सुरुवातीला `-` आणि मग स्पेस दिली की त्याला ती यादी वाटते, गोळा काढतो. काकांना सांगा रेघेला चिकटवून नाव लिहा, मधे स्पेस नको, रेघ राहील.

शहापूरचा_जुना_कंपोझिटर
डॅशचं माझं म्हणणं वेगळं. "आज येऊ नको - उद्या ये" हे ठीक, रेघेनं दोन तुकडे सुटे केले. पण मेसेजभर रेघा मारल्या की रेल्वेचं टाइमटेबल दिसतं. दोस्ताला लिहिताना तिथं एंटर मारून दुसरी ओळ करा, नाहीतर साधा स्वल्पविराम.

कडोलीची_पोर
अपडेट: तिला विचारलं टिंबं का दिलीस. म्हणते तिच्या आईचा फोन होता, तिचा चार्जिंगला, आईच्या फोनवर आईसारखंच टाइप होतं म्हणे. आता ह्यावर काय बोलायचं. मी लिहिलं "पुढच्या रविवारी जाऊया की". तिचा रिप्लाय "बघू.." आलाय, टिंबं दोनच आहेत. कंपोझिटर काका, दोन टिंबांचं काय?

शहापूरचा_जुना_कंपोझिटर
प्रूफात दोन टिंबं दिसली की आम्ही एकतर एक वाढवायचो नाहीतर एक खोडायचो. पोरी, फोन कर.

निपाणीचा_बाळू
मी पहिल्यांदाच सांगितलं होतं की.