बँक खाते बदलल्याचे पत्र : ग्राहकांना खोटे पत्र ओळखता येईल अशी शब्दरचना हवी आहे

लेथवाला_शिरोली

नमस्कार. कोल्हापूरजवळ शिरोली औद्योगिक वसाहतीत आमचा भागीदारीतील छोटा कारखाना असून तेथे हायड्रॉलिक सिलिंडरचे सुटे भाग तयार होतात. आतापर्यंत आमचे कॅश क्रेडिट एका सहकारी बँकेत होते. ते आता एका राष्ट्रीयीकृत बँकेकडे गेल्यामुळे चालू खातेही तिकडेच उघडावे लागले. साधारण चाळीस ग्राहकांना आणि पंचवीस पुरवठादारांना ही गोष्ट कळवायची आहे. मी तयार केलेला मसुदा असा होता :

"काही तांत्रिक कारणांमुळे आमचे बँक खाते बदलले आहे. यापुढील सर्व रकमा तात्काळ खालील खात्यात भराव्यात व जुन्या खात्यात कोणतीही रक्कम भरू नये. शंका असल्यास खालील क्रमांकावर संपर्क साधावा."

सर्वांना पाठवण्याआधी हे पत्र मी पुण्यातील एका जुन्या ग्राहकाला ईमेलने पाठवले. त्यांच्या लेखा विभागातील बाईंनी बिलावरच्या क्रमांकावर दूरध्वनी करून विचारले, "हे पत्र तुमचेच आहे कशावरून?" मला उत्तर सुचले नाही. आपले पत्र खरे असल्याचे आणि दुसऱ्या कोणाचे खोटे असल्याचे ग्राहकाला स्वतःहून ठरवता यावे, यासाठी पत्रात नेमके काय लिहावे? ग्राहक आणि पुरवठादार यांना एकच पत्र चालेल का?

कोकणी_माणूस

घाबरू नका, पण वेळही दवडू नका. १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार नोंदवा, cybercrime.gov.in येथेही नोंद करा आणि ज्या बँकेत पैसे गेले त्या बँकेला खाते गोठवण्यासाठी लेखी कळवा.

लेथवाला_शिरोली

आमची फसवणूक झालेली नाही, साहेब. ती होऊ नये म्हणून पत्र कसे लिहावे, एवढाच प्रश्न आहे.

कोकणी_माणूस

क्षमस्व, शीर्षक वाचूनच लिहिले. तरीही तो क्रमांक पत्रात खाली छापायला हरकत नाही.

जमाखर्च

मी सतरा वर्षे एका मोठ्या खरेदीदार कंपनीच्या देयक विभागात काम केले. अशी पत्रे माझ्या टेबलावर दर आठवड्याला येत असत, त्यांतली काही खोटीही असत. वाईट वाटून घेऊ नका, पण तुमच्या मसुद्यातील तिन्ही वाक्ये मी खोट्या पत्रांत वाचलेली आहेत. "तांत्रिक कारण" म्हणजे काहीच न सांगणे, "तात्काळ" म्हणजे घाई, आणि "खालील क्रमांकावर संपर्क साधा" हा तर मुख्य सापळा, कारण पत्र ठगाचे असेल तर त्याखालचा क्रमांकही ठगाचाच असतो. त्या बाईंनी पत्रातला क्रमांक सोडून बिलावरचा क्रमांक फिरवला, यातच तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे. पत्रात संपर्क क्रमांक देऊच नका. "आमच्या एखाद्या जुन्या, तुम्ही रक्कम चुकती केलेल्या बिलावर जो क्रमांक छापलेला आहे, त्यावर दूरध्वनी करून खात्री केल्याशिवाय नवे खाते नोंदवू नका," असे लिहा. ठगाला हे वाक्य लिहिणे परवडत नाही, कारण तो दूरध्वनी तुमच्याकडे येतो.

दुसरे वाक्य याहून महत्त्वाचे आहे. "जुन्या खात्यात भरू नये" हे काढून टाका आणि जुने खाते निदान तीन महिने चालू ठेवून असे लिहा : "खात्री होईपर्यंत रक्कम जुन्याच खात्यात भरावी, त्यामुळे आपली थकबाकी धरली जाणार नाही." कारकुनाला शंका येते, पण देय तारीख उलटली तर वरिष्ठ ओरडतील या धास्तीने तो पैसे सोडतो. थांबण्याची सोय तुमच्या पत्रानेच त्याला दिली पाहिजे. जुने खाते बंद झाले असे सांगितले, तर शंका आलेल्या माणसाला जायला वाट उरत नाही, आणि ठगाला नेमके तेच हवे असते.

नेटबँकर

एवढा खटाटोप आता लागत नाही. पूर्वी एनईएफटी आणि आरटीजीएसमध्ये रक्कम केवळ खाते क्रमांकावर जमा होत असे आणि नाव कोणी जुळवत नसे, हे खरे. पण रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना १ एप्रिल २०२५ पर्यंत लाभार्थ्याचे नाव दाखवण्याची सोय करायला सांगितले होते. क्रमांक आणि आयएफएससी भरले की खातेदाराचे नाव पडद्यावर दिसते. शिवाय एक रुपया पाठवून पाहिला की विषय संपला.

जमाखर्च

नाव दिसते हे बरोबर आहे, आणि त्याचा फायदा पत्रात घ्यायलाच हवा. बँकेच्या नोंदीत तुमच्या फर्मचे नाव ज्या अक्षरांत आहे, "अँड" आहे की "&" आहे यासकट, त्याच अक्षरांत पत्रात छापा आणि "पडद्यावर हेच नाव दिसले पाहिजे, एका अक्षराचा फरक असला तरी थांबावे" असे लिहा. मात्र नाव जुळले म्हणून पैसे पाठवायचे की नाही, हे शेवटी पाठवणारा माणूसच ठरवतो. मिळत्याजुळत्या नावाची फर्म दाखवून खाते उघडलेले असेल, तर घाईतला माणूस पुढे जातोच.

एक रुपयाच्या चाचणीबद्दल मात्र आपला गैरसमज आहे. ठगाचे खातेही खरेच असते, त्यामुळे तो रुपया त्यातही बिनतक्रार जमा होतो. अशा चाचणीने खाते अस्तित्वात आहे एवढेच कळते, ते कोणाचे आहे हे कळत नाही. चाचणी उलट बाजूने करावी लागते. ग्राहकाने स्वतःच्या मनाने एखादी वेडीवाकडी रक्कम, समजा ७ रुपये ३१ पैसे, नव्या खात्यात पाठवावी आणि ती कोणालाही सांगू नये. मग जुन्या बिलावरील क्रमांक फिरवून तुम्हाला विचारावे, "आमच्याकडून किती आले?" तुम्ही बरोबर आकडा सांगितला, तर ज्याच्याशी आपण वर्षानुवर्षे बोलतो आहोत त्याच्याच हातात हे खाते आहे, हे ग्राहकाला कळते. खाते ठगाचे असेल, तर तुम्ही म्हणाल की काहीच आलेले नाही, आणि सात रुपयांत सगळे उघडकीला येते.

सांगलीची_सून

आमच्याकडे हळदीचा व्यापार आहे. दोन वर्षांपूर्वी एका बारदान पुरवठादाराने खाते बदलल्याचे पत्र पाठवले. ते खरे होते, आम्ही दूरध्वनी करून खात्रीही केली. पाचव्या दिवशी त्याच ईमेल साखळीत, त्याच पत्राखाली उत्तर आले की "आधीच्या पत्रात खाते क्रमांकाची चूक झाली होती, दुरुस्त क्रमांक सोबत आहे." पहिल्या पत्राची खात्री केलेली असल्यामुळे दुसऱ्याची कोणी केली नाही. ४,८०,००० रुपये गेले आणि त्यातले फारच थोडे परत मिळाले. पुरवठादार म्हणतो, "मला पैसे मिळालेले नाहीत." आम्ही म्हणतो, "मेल तुमच्याच पत्त्यावरून आला." हा वाद अजून मिटलेला नाही. असा तोटा कोणी सोसायचा, हे कोणी सांगू शकेल का?

जमाखर्च

ताई, तोटा कोणाचा हे तुमच्यातील करार, पत्रव्यवहार आणि निष्काळजीपणा कोणाचा ठरतो यावर जाईल. त्यासाठी वकिलांनाच कागद दाखवा, मी येथे मत देणार नाही. पण तुमच्या अनुभवातून लेथवाल्यांसाठी दोन गोष्टी निघतात. मेल पुरवठादाराच्याच पत्त्यावरून आला, म्हणजे बहुधा त्याच्या मेलपेटीत कोणीतरी आधीपासून बसून पत्रव्यवहार वाचत होते आणि खऱ्या पत्राची वाटच पाहत होते. म्हणून लेथवाल्यांनी पत्र धाडण्याआधी स्वतःची मेलपेटी तपासावी. जीमेल असेल तर सेटिंग्जमध्ये `Forwarding and POP/IMAP` आणि `Filters and Blocked Addresses` ही दोन पाने उघडून, आपण न लावलेला एखादा पत्ता किंवा नियम तेथे आहे का ते पाहावे, पासवर्ड बदलावा आणि दोन टप्प्यांची पडताळणी चालू करावी. आणि पत्रात हे वाक्य असलेच पाहिजे : "या पत्राची दुरुस्ती आम्ही ईमेलने किंवा व्हॉट्सॲपने कधीही पाठवणार नाही, तशी दुरुस्ती आली तर ती खोटी समजावी."

एरवी लोक पत्रात खाते क्रमांक ठळक छापतात. माझ्या मते ईमेलमध्ये शेवटचे चार अंक पुरेत, आणि पूर्ण क्रमांक शिक्का-सहीच्या छापील पत्रातून टपालाने जावा. रद्द केलेला धनादेश जोडणार असाल तर त्यावर सही करू नका. त्यावर छापलेले नाव आणि क्रमांक पुरतात, सहीचा नमुना मात्र चाळीस ठिकाणी फिरतो.

लेथवाला_शिरोली

आणि पुरवठादारांचे काय? त्यांना तर आम्हीच पैसे देतो.

जमाखर्च

म्हणूनच त्यांचे पत्र वेगळे हवे, आणि त्यात खाते क्रमांक मुळीच नको. अमुक तारखेपासून रक्कम नव्या बँकेतून येईल आणि पुढील तारखांचे दिलेले धनादेश बदलून मिळतील, एवढेच त्यांना कळायला हवे. कोणी परतावा द्यायचा असेल तर तो तुमच्याशी बोलूनच द्यावा. त्याच पत्रात उलट बाजूही लिहा : "आपले खाते बदलल्यास आम्ही आपल्या जुन्या क्रमांकावर दूरध्वनी करून विचारल्याशिवाय ते नोंदवणार नाही, उशीर झाल्यास राग मानू नये." सांगलीच्या ताईंसारखी वेळ तुमच्यावर याच दिशेने येऊ शकते.

मशीनशॉप_चाकण

मोठ्या कंपन्यांना पत्र पाठवून काही उपयोग नाही. त्यांच्या पुरवठादार पोर्टलवर बदल नोंदवावा लागतो आणि त्याला वेळ जातो. आमच्या एका ग्राहकाकडे सात आठवडे लागले. तोपर्यंत बिलावर जुनेच खाते ठेवा. टॅलीतील बिलाचा साचा एकदम बदलला, तर पोर्टलवर एक आणि बिलावर दुसरे खाते दिसून बिल अडकते.

लेथवाला_शिरोली

सर्वांचे आभार. ग्राहकांसाठीचा सुधारलेला मसुदा असा :

"आमचे कर्जखाते दुसऱ्या बँकेकडे गेल्यामुळे १ जुलैपासून आमचे चालू खातेही त्या बँकेत असेल. नव्या खात्याचे शेवटचे चार अंक या पत्रात दिले असून पूर्ण क्रमांक सही-शिक्क्याच्या पत्राने टपालाने येईल. आमच्या कोणत्याही जुन्या बिलावर छापलेल्या क्रमांकावर बोलून खात्री केल्याशिवाय कृपया हे खाते नोंदवू नये. हवी ती छोटी रक्कम पाठवून ती किती होती हे आम्हाला विचारावे. आम्ही सांगू न शकल्यास पुढे जाऊ नये. खातेदाराचे नाव पडद्यावर येथे छापल्याप्रमाणेच दिसले पाहिजे. ३० सप्टेंबरपर्यंत जुने खाते चालू असून शंका असेपर्यंत त्यातच रक्कम भरावी. या पत्राची दुरुस्ती ईमेलने किंवा व्हॉट्सॲपने येणार नाही."

एक अडचण मात्र उरली आहे. सर्व जमा आपल्याकडूनच फिरली पाहिजे, असा कर्ज देणाऱ्या नव्या बँकेचा आग्रह आहे, त्यामुळे जुने खाते तीन महिने ठेवायला त्यांचे अधिकारी नाखूश आहेत.

जमाखर्च

जुन्या खात्यात जे येईल ते दर संध्याकाळी नव्या खात्यात वळते करू, असे लेखी देऊन मुदत मागून पाहा. आमच्या ओळखीच्या एका फर्मला दोन महिने मिळाले, तीन मिळतील असे सांगता येत नाही. मुदत कमी मिळाली तर पत्रातील तारीख आधी बदला आणि मगच पत्र पाठवा. एकदा गेलेल्या पत्रातील तारीख दुरुस्त करण्याची वाट तुम्ही स्वतःच बंद केलेली आहे.

लेथवाला_शिरोली

सोमवारी बँकेत जाऊन येतो, तोवर पत्र थांबवले आहे. मेलपेटी आत्ताच तपासली. `Filters and Blocked Addresses` या पानावर, "invoice" हा शब्द असलेले मेल वाचलेले दाखवून अर्काइव्हमध्ये टाकणारा एक नियम सापडला. तो आमच्यापैकी कोणी लावल्याचे आठवत नाही.

जमाखर्च

नियम पुसण्याआधी त्याचे पडदाचित्र घेऊन ठेवा. पासवर्ड दुसऱ्या संगणकावरून बदला, इतर सर्व ठिकाणची लॉगिन बंद करा, आणि पुण्याच्या त्या बाईंना आजच दूरध्वनी करा. त्यांच्याकडे तुमचे पहिले पत्र आधीच गेलेले आहे.