मदत हवी आहे: प्रीमियरची वेळ परदेशातही रात्री 8 च दिसते

पेडणेकरीण

नमस्कार मंडळी. आमच्या मंडळाने देवळाच्या मंडपात केलेल्या संगीत नाटकाचं चित्रीकरण आम्ही ऑनलाइन दाखवणार आहोत. वेळ रात्री 8. निम्मा वाडा बाहेरगावी आहे, कोणी कुवेतला, कोणी स्विंडनला, कोणी लिस्बनला, एक कुटुंब टोरांटोत. ज्याला त्याला आपल्या घड्याळातली वेळ दिसावी म्हणून पान केलं, पण स्विंडनच्या बहिणीलाही "रात्री 8:00" च दिसतं. लिंक उद्या सकाळी पाठवायची आहे. काय बदलू? लवकर सांगा.

कोकणकडा

नाटक कुठलं? आमच्याकडे सावंतवाडीला अजून रात्रभर नाटक चालतं, तिथली मंडळी बघतील.

सुशांत_पर्वरी

ताई, कशावर दाखवताय? यूट्यूबचा प्रीमियर असेल तर यूट्यूब स्वतःच प्रत्येकाला त्याच्या वेळेत दाखवतो, तुम्हाला काही करावं लागत नाही. पान कशात बनवलंय? तारीख कोणती? ज्या ओळीत वेळ लिहिली आहे ती ओळ इथे टाका. त्याशिवाय सांगणं म्हणजे अंदाज.

नाईक_काका

एवढं कशाला? माझा साधा उपाय. पोस्टरवर सरळ तक्ता छापा. कुवेत 5:30, लंडन 3:30, टोरांटो सकाळी 10:30. लंडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे, त्यात कसलं कोडं? आमच्या मुलाला मी रोज फोन करतो, मला पाठ आहे.

डिस्कॉर्डवाला_म्हापसा

डिस्कॉर्डवर सर्व्हर काढा आणि हे टाका, प्रत्येकाला आपोआप त्याची वेळ दिसते:

```
<t:1793457000:F>
```

मी खेळाच्या स्पर्धांसाठी नेहमी हेच वापरतो.

पेडणेकरीण

आमच्या आत्या, मावश्या डिस्कॉर्डवर येणार नाहीत, त्या व्हॉट्सअॅपवरच्या लिंकवर टिचकी मारतात. यूट्यूबचाच प्रीमियर आहे, पण तो आमच्या मंडळाच्या पानात बसवला आहे. पानावर वर मोठ्या अक्षरांत वेळ आणि काउंटडाउन, खाली व्हिडिओ, त्याखाली कलाकारांची नावं. तारीख शनिवार, 31 ऑक्टोबर 2026. ओळ ही:

```js
const start = new Date("2026-10-31 20:00");
```

पान मंडळातल्या एका मुलाने केलं, तो आता परीक्षेत अडकला आहे.

सुशांत_पर्वरी

ओळ मिळाली, पण आधी एक गोष्ट बघून सांगा. तुम्ही आणि बहीण, दोघी एकाच क्षणी पान उघडा आणि काउंटडाउन वाचा. अशा तक्रारीत पहिला प्रश्न हाच. दोघींकडे काउंटडाउन सारखं असेल तर क्षण बरोबर आहे, फक्त छापण्यात चूक आहे. काउंटडाउन वेगळं असेल तर क्षणच चुकला आहे. दोन्हींचा इलाज वेगळा.

पेडणेकरीण

पाहिलं. माझ्याकडे 17 दिवस 9 तास. तिच्याकडे 17 दिवस साडेचौदा तास.

सुशांत_पर्वरी

म्हणजे क्षण चुकला आहे. त्या ओळीत 20:00 आहे, पण कुठले 20:00 ते लिहिलेलं नाही. म्हणून पान ज्या फोनवर उघडतं त्या फोनच्या क्षेत्रातले 20:00 ब्राउझर धरतो. तुमच्या फोनवर गोव्यातले आठ, बहिणीच्या फोनवर इंग्लंडमधले आठ. म्हणूनच सगळ्यांना आठ दिसतात. यूट्यूबचा व्हिडिओ मात्र ठरल्या वेळीच सुरू होणार. बहीण पानावर विसंबली तर साडेपाच तास उशिरा येईल. व्हिडिओ तेव्हाही तिथेच असेल, पण कलाकारांशी चाललेल्या गप्पा संपलेल्या असतील. ओळ अशी करा:

```js
const start = new Date("2026-10-31T20:00:00+05:30");
```

मधली T आणि शेवटचे +05:30 दोन्ही हवेत. काही जण +05:30 च्या जागी नुसता Z लावतात. Z म्हणजे जागतिक वेळ. तसं केलं तर गोव्यातल्या माणसाला रविवारी पहाटे 1:30 दिसेल.

नाईक_काका

बघा, शेवटी साडेपाचाचंच गणित. मी साडेचार म्हणालो ते आजचं. मग काउंटडाउनमध्ये साडेपाच कसे आले? तुमच्या पानात अजून काहीतरी गडबड आहे.

रेशम_डिचोली

व्हीपीएन लावून तपासा ना ताई. लंडनचा सर्व्हर निवडला की लंडनमधून कसं दिसतं ते कळेल.

सुशांत_पर्वरी

रेशम, व्हीपीएनने नाही कळणार. त्याने इंटरनेटचा पत्ता बदलतो, आणि ब्राउझर वेळ फोनच्या किंवा लॅपटॉपच्या सेटिंगमधून घेतो. लंडनचा व्हीपीएन लावूनही तुला गोव्याचीच वेळ दिसेल आणि सगळं बिघडल्यासारखं वाटेल. लॅपटॉपवर क्रोम असेल तर DevTools उघडायचं, त्यातल्या More tools मध्ये Sensors आहे. तिथे Location ला London निवडून पान पुन्हा लोड करायचं. तेव्हा वेळेचं क्षेत्र खरंच बदलतं. टोरांटो त्या यादीत नाही, स्वतः भरावं लागतं. फोनवर तपासायचं असेल तर सेटिंगमध्ये वेळक्षेत्र हाताने बदला आणि नंतर आठवणीने परत लावा.

काकांच्या प्रश्नाचं उत्तर आता ताईच देतील, ओळ बदलून झाली असेल तर.

पेडणेकरीण

बदलली. Sensors मध्ये लंडनला "दुपारी 2:30" येतं. पण बहीण म्हणते 3:30 यायला हवं, आजसुद्धा आमच्यात साडेचार तासांचाच फरक आहे. दादा, हे अजून चुकलेलंच आहे ना?

नाईक_काका

मी तेच सांगतोय. तक्ता छापा, भानगड मिटवा.

सुशांत_पर्वरी

नाही ताई, 2:30 बरोबर आहे, ते राहू द्या. इंग्लंड आणि पोर्तुगालमधली घड्याळं ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास मागे जातात. यंदा तो रविवार 25 तारखेचा. प्रीमियर 31 ला, म्हणजे तोवर फरक साडेपाच तासांचा झालेला असेल. गोव्यात रात्री 8 तेव्हा स्विंडन आणि लिस्बनला दुपारी 2:30. ब्राउझर आजचा फरक वापरत नाही, 31 तारखेचा वापरतो. बहिणीचं काउंटडाउन साडेपाच तासांनी पुढे होतं तेही यामुळेच.

टोरांटोची घड्याळं नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे जातात, म्हणजे 1 तारखेला. तुमचा शनिवार बरोबर या दोन रविवारांच्या मधे आला आहे. तिथे अजून उन्हाळी वेळच असेल, म्हणून सकाळी 10:30. काकांचा टोरांटो आणि कुवेतचा आकडा बरोबर आहे, लंडनचा एक तासाने चुकतो. कुवेतमध्ये घड्याळ हलवतच नाहीत, तिथे 5:30 च.

नाईक_काका

25 तारखेची गोष्ट खरी, मुलगा दरवर्षी सांगतो. पण तक्ता हवाच. माझ्या वयाचा माणूस लिंक उघडत नाही, चित्र बघतो.

सुशांत_पर्वरी

त्या मुद्द्यावर मी काकांबरोबर आहे. चित्रातली वेळ कोणाच्याच फोनवर बदलत नाही. पोस्टरवर "गोव्यात रात्री 8" ठळक लिहा, आणि तक्ता छापायचाच असेल तर आकडे Sensors मधून काढून लिहा, तोंडी हिशेबाने नको. पानावरही दोन ओळी ठेवा, एक पाहणाऱ्याची, एक कायम "गोव्यात रात्री 8:00". दोघे फोनवर बोलताना घोळ होत नाही.

पाहणाऱ्याची ओळ छापताना हे वापरा:

```js
new Intl.DateTimeFormat("mr-IN", {
  weekday: "long", day: "numeric", month: "long",
  hour: "numeric", minute: "2-digit",
  timeZoneName: "short"
}).format(start);
```

इंटरनेटवरून उचललेल्या नमुन्यात `timeZone: "Asia/Kolkata"` असं सापडलं तर पाहणाऱ्याच्या ओळीतून ते काढा. ते राहिलं तर काउंटडाउन बरोबर चालेल, पण छापलेली वेळ पुन्हा सगळ्यांना आठच दिसेल.

रेशम_डिचोली

मी यात `dateStyle: "full"` पण घातलं, तर वेळच गायब झाली.

सुशांत_पर्वरी

`dateStyle` बरोबर `weekday`, `hour`, `timeZoneName` असे सुटे पर्याय चालत नाहीत, ब्राउझर TypeError देऊन थांबतो. `dateStyle` काढून टाक. ताई, याचसाठी HTML मध्ये त्या जागी आधीच "गोव्यात रात्री 8:00" लिहून ठेवा. स्क्रिप्ट अडली तरी पान रिकामं दिसणार नाही.

तारवटी_वास्को

मी क्रूझवर असतो. जहाजावर रात्री घोषणा होते, उद्या घड्याळ एक तास पुढे, आणि आमचे फोन तसेच राहतात, कारण समुद्रात मोबाइलचं नेटवर्क नसतं. मी हातानेच तास बदलतो. मला हे पान काय दाखवणार? आणि हो, नाटकात ऑर्गन आहे की पेटी?

सुशांत_पर्वरी

दादा, तास बदलू नका, वेळक्षेत्र बदला. तुम्ही नुसता तास पुढे केला की फोनला वाटतं खरोखरच एक तास उलटला. मग छापलेली वेळ चुकतेच, काउंटडाउनही एक तास आधीच संपतं. वेळक्षेत्र बदललं तर छापलेली वेळ जहाजाची येईल आणि काउंटडाउन जागच्या जागी राहील. जहाजाची वेळ कुठल्याच शहराशी जुळत नसेल तर छापलेल्या वेळेकडे बघू नका, काउंटडाउनवर चाला.

तारवटी_वास्को

क्षेत्र बदलायला माझ्या फोनमध्ये शहरांची यादी येते, अटलांटिकच्या मधलं शहर कुठून आणू? बघतो. आमच्या पाळीत नेटचा वेग मिळाला तर खरं.

डिस्कॉर्डवाला_म्हापसा

मग कॅलेंडरची फाइल द्या, त्यात वेळ अशी लिहायची:

```
DTSTART:20261031T143000Z
```

शेवटचा Z विसरू नका, नाहीतर पुन्हा तोच घोळ, सगळ्यांना दुपारी 2:30 च दिसेल. एकदा टिचकी मारली की फोनच वेळेवर आठवण करतो.

नाईक_काका

वर Z लावू नका म्हणाले, आता विसरू नका म्हणतात. ठरवा काय ते.

सुशांत_पर्वरी

दोन्ही बरोबर आहे काका. इथे 14:30 लिहिलं आहे, तीच जागतिक वेळ, म्हणून Z. वर 20:00 लिहिलं होतं, ती गोव्याची वेळ, म्हणून +05:30. आकडा ज्या घड्याळाचा त्याचीच खूण लावायची.

पेडणेकरीण

सगळं लावलं. गोव्यात 8, Sensors मध्ये लंडन 2:30, दोन्हीकडे काउंटडाउन सारखं. कुवेतच्या भावजींनी पान उघडून 5:30 दिसतं असं कळवलं. टोरांटोचं कुटुंब अजून झोपलेलं आहे. पोस्टरवर नुसतं "गोव्यात रात्री 8" ठेवते, तक्ता नाही. काका, रागावू नका.

तारवटी दादा, ऑर्गन आहे, वाड्यावरचाच वाजवणारा. व्हिडिओ नंतरही पानावर राहील, पाळी संपल्यावर बघा.

नाईक_काका

रागवत नाही. माझ्या मुलासाठी तक्ता मी घरी करतो, लंडन 2:30 लिहून.