‘हलव’ म्हणजे नक्की काय करायचं?

सावंतवाडीकर: मंडळी, एक शब्द अडला आहे, आणि त्यामागे एक फजिती आहे. चार महिन्यांपासून मी पणजीतल्या एका छोट्या बारमध्ये काम शिकतोय. शिकवणारे गृहस्थ बोटीवर बारटेंडर होते, आता निवृत्त आहेत. संध्याकाळी दोन तास येऊन बसतात. सगळे त्यांना पात्रांव म्हणतात, मीही. माझ्याशी ते मराठीत बोलतात.

पहिल्याच आठवड्यात मार्टिनीची ऑर्डर आली. पात्रांव म्हणाले, “६० जिन, १० ड्राय व्हर्मूथ, बर्फ घाल आणि हलव.” मी शेकर उचलला आणि दणादण हलवला. ग्लासात ओतलं तर पांढुरकं धुकट पाणी, वर बर्फाचे चुरे तरंगतायत. पात्रांव म्हणाले, “अरे, हलव म्हटलं मी, हाणायला कोणी सांगितलं?”

आता मी शिकतोय ते मराठीत वहीत उतरवतोय. चमच्याने करायचं त्याला काय म्हणू आणि शेकरने करायचं त्याला काय?

ताकमेढ: सोपं आहे. चमच्याने ते ढवळणे, शेकरने ते घुसळणे. ताक घुसळताना फेस येतो ना, तसंच. आत हवा शिरते.

शब्दवेडा: घुसळण्यात रवी आत असते आणि भांडं जागेवर असतं. शेकरमध्ये भांडंच हलतं, आत बर्फ सोडून काहीच नाही. औषधाच्या बाटलीवर ‘वापरण्यापूर्वी चांगली हलवा’ असं असतं, ‘घुसळा’ नसतं. अर्थात तुमची अडचण तिथेच आहे म्हणा. बाटली हलवा म्हणजे हातात धरून हिसके द्या, आणि खीर हलवा म्हणजे डाव फिरवा. मराठीत दोन्ही हलवणेच. तुमची चूक नव्हती, पात्रांव खिरीच्या अर्थाने बोलले आणि तुम्ही औषधाच्या अर्थाने ऐकलंत.

पांढरा_बैल: ढवळणे तर मुळीच नको. ढवळा म्हणजे पांढरा, धवलवरून. ढवळणे म्हणजे पांढरं करणं, गढूळ करणं. तळ ढवळला की पाणी गढूळ होतं. उलट शेकरमधलंच पांढुरकं झालं ना? मग शेकर म्हणजे ढवळणे!

शब्दवेडा: ढवळा बैल धवलवरून, हे मान्य. पण ढवळणे हे क्रियापदही तिथूनच आलं असं छातीठोकपणे मी तरी म्हणणार नाही. गढूळपणाची छटा मात्र खरी आहे. पोट ढवळतं, दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करतात. सगळीकडे तळाचा गाळ वर येतोय. आणि इथे चमचा फिरवायचा तो नेमका गढूळ होऊ नये म्हणून. शब्द आणि कृती एकमेकांकडे पाठ करून उभे आहेत.

कोकमआगळ: आमच्याकडे सोलकढी मिक्सरमध्ये फिरवली की वर फेस धरते आणि चव बिघडते, म्हणून मी हातानेच करते. तुमच्या पात्रांवांना विचारा ना, नारळाचं दूध फुटू नये म्हणून काय करायचं?

सावंतवाडीकर: ताई, सोलकढीचं विचारतो. पण फेसाचा मुद्दा त्यांनीही सांगितला होता. फजितीनंतर त्यांनी एकाच बाटलीतली जिन घेऊन दोन मार्टिनी केल्या. एक शेकरमध्ये दहा-बारा सेकंद. दुसरी जाड काचेच्या ग्लासात, लांब दांड्याच्या चमच्याने अर्धा मिनिट. मग काउंटरवर पेपर पसरला आणि दोन्ही ग्लास मथळ्यावरच ठेवले. चमच्याच्या ग्लासातून अक्षरं वाचता येत होती, शेकरच्या ग्लासाखाली मथळा आहे एवढंच कळत होतं. मिनिटभराने तेही निवळलं, पण बर्फाचे चुरे वर होतेच. पिऊन पाहिलं तर एक जिभेवरून घसरली, दुसरी पाणचट आणि खरखरीत लागली. पात्रांव म्हणाले, “जोरात हलवलं की जिनला मार लागतो.”

पेगमेजर: पंधरा वर्षं याच धंद्यात आहे म्हणून बोलतो. पात्रांवांचा हात पक्का आहे, पण ‘जिनला मार लागतो’ ही बारमधली जुनी म्हण समजा. जिनला काही होत नाही. होतं ते एवढंच की बर्फ आपटून तुटतो आणि हवेचे बारीक बुडबुडे आत अडकतात. म्हणून धुकं आणि म्हणून जिभेवरचा फरक.

मार्टिनी, मॅनहॅटन, निग्रोनी यांत सगळं पारदर्शक मद्यच असतं, तिथे हवा नको असते. डायकिरीत लिंबाचा रस असतो. तो आधीच धुकट, शिवाय तो मद्यात नीट मिसळायला हवा आणि थोडा फेस आला तर चव खुलते. अंड्याचा पांढरा किंवा साय असेल तर शेकरशिवाय गत्यंतरच नाही.

ताकमेढ: म्हणजे चमच्याने केलं की पाणी मिसळत नाही, शेकरने मिसळतं. असंच ना?

पेगमेजर: नाही, इथे बरेच जण फसतात. बर्फ वितळतो म्हणूनच पेय गार होतं. गार हवं तर पाणी येणारच, चमच्याने असो वा शेकरने. शेकरमध्ये ते झटपट होतं, चमच्याने वेळ लागतो. खूप वेळ चमचा फिरवलात तर पाणीही तेवढंच येईल. सावंतवाडीकर, एकदा मापून बघा. ७० मिली घातलंत तर गाळल्यावर साधारण ९० निघालं पाहिजे. शंभरच्या पुढे गेलं तर आधी बर्फ तपासा. टबात पाण्यात पोहणारा बर्फ उचलला असेल तर त्याच्या अंगावरचं पाणी पेयात जातं आणि गार मात्र फारसं करत नाही. गोव्याच्या उकाड्यात हे रोजचं आहे. बर्फ टाकल्यावर खाली साचलेलं पाणी निथळून टाका आणि मगच दारू ओता.

सावंतवाडीकर: काल मापलं. माझं १०५, पात्रांवांचं ९०. बर्फ एकाच टबातला! फरक एवढाच की त्यांनी पाणी निथळलं होतं आणि मी नाही. आणखी एक पाहिलं. ते चमच्याची पाठ काचेला टेकवून फिरवतात, त्यामुळे सगळा बर्फ एका गोळ्यासारखा गोल फिरतो आणि काही म्हणता काही वाजत नाही. माझा चमचा बर्फात घुसतो आणि टकटक होते. न बघताच म्हणतात, “वाजलं रे.”

शब्दवेडा: मग आवाजावरूनच शब्द घ्या की. शेकरला खुळखुळवणे. आत बर्फ, बाहेर भांडं, अगदी खुळखुळ्यासारखं. आणि चमच्याला नुसतं फिरवणे.

पांढरा_बैल: बारमध्ये उभा राहून ‘खुळखुळव’ म्हणणार का कोणी? गिऱ्हाईक हसेल. ‘शेक कर’ म्हणतील.

पेगमेजर: म्हणतातच. ‘स्टर मार’, ‘शेक मार’. वहीत काय लिहायचं ते त्यांनी ठरवावं. पण गिऱ्हाइकाने मार्टिनी मुद्दाम शेक करून मागितली तर वाद न घालता द्यायची, एवढं वहीत लिहा.

सावंतवाडीकर: ‘फिरवणे’ लिहिलंय. पात्रांवांना दाखवलं. म्हणाले, मी ‘हलव’च म्हणणार, तू बघून शिक. तिकडे ‘खुळखुळवणे’ वाचून मात्र खूप वेळ हसत होते.

कोकमआगळ ताई, ते म्हणाले, दूध कोमट पाण्यात काढा आणि आगळ शेवटी, गॅसवर नाही.

आता पुढचा प्रश्न. मोहितोसाठी पुदिना साखरेबरोबर ग्लासात दाबायचा असतो. त्यांनी ‘ठेच’ म्हटलं आणि मी खलबत्ता शोधायला आत गेलो. याला काय म्हणाल?

कोकमआगळ: चुरगळणे. हाताने करायचं.

ताकमेढ: हाताने नाही हो, ग्लासात हात कसा घालणार? चेपणे.