मदत हवी आहे: हिजरी 1337 म्हणजे इसवी सन नक्की कोणतं? (कबरीच्या पाटीवर कोरायचं आहे)

विणकर_सोलापूर

नमस्कार मंडळी. पणजोबांच्या कबरीवर इतकी वर्षं नुसता दगड होता. आता सगळ्या चुलत भावंडांनी मिळून नावाची पाटी बसवायची ठरवलंय. दादीच्या जुन्या वहीत उर्दूत एकच ओळ आहे: "17 मोहरम 1337, जुमेरात". पाटीवर हिजरीबरोबर इंग्रजी तारीखही हवी आहे.

भांडण इथंच सुरू झालं. चुलत भावाचा हिशोब असा: सध्या हिजरी 1447 चालू आहे, ते 2025 मध्ये लागलं. 1447 मधून 1337 गेले, उरले 110. 2025 मधून 110 वजा केले की 1915. मला हे पटत नाही, कारण घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात की पणजोबा मानमोडीच्या साथीत गेले, आणि ती साथ 1918 ची. दादी असंही सांगायची की त्या वर्षी दसरा झाला, पाठोपाठ ताबूत थंडे झाले आणि त्याच आठवड्यात घरात मयत झाली. भाऊ म्हणतो, म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीवर पाटी कोरायची नसते. मृत्यूनोंदीसाठी 1915 चं रजिस्टर काढून पाहिलं, त्यात नाव नाही. पाटीवाला रोज फोन करतोय. कुणी नीट समजावून सांगेल का?

गणितप्रेमी

तुमच्या भावाची चूक सरळ आहे. हिजरी वर्ष आपल्या वर्षापेक्षा 11 दिवसांनी लहान असतं, त्यामुळे 110 हिजरी वर्षं म्हणजे 110 इंग्रजी वर्षं होत नाहीत. सोपी रीत सांगतो. हिजरी सनाला 33 ने भागा, येईल ते त्याच सनातून वजा करा आणि 622 मिळवा. 1337 ला 33 ने भागलं की 40.5. वजा केल्यावर 1296.5, त्यात 622 मिळवले की 1918.5. म्हणजे वर्ष 1918, आणि अर्धं वर्ष म्हणजे जून-जुलै. मोहरम हा पहिलाच महिना, तेव्हा तुमचे पणजोबा जून-जुलै 1918 मध्ये गेले. मानमोडीचा कहर पावसाळ्यानंतरचा, त्यामुळे साथीची गोष्ट मात्र जुळत नाही.

बाळीवेसकर

हा धागा बरा सापडला. आमच्याकडे एक जुना मोडी कागद आहे, कुणीतरी वाचून वर पेन्सिलीने "सन 1174" लिहिलंय. वरच्या रीतीने मी 1760-61 काढलं. पानिपतच्या वेळचा कागद! बरोबर ना?

मोडीवाचक

बाळीवेसकर, तुमच्या कागदाकडे शेवटी येतो. तो बहुधा हिजरी नसावा, घाई करू नका.

विणकर, आधी भावाचा हिशोब. त्यांनी आजचा फरक धरला. 2025 आणि 1447 मध्ये 578 चा फरक आहे, तोच त्यांनी शंभर वर्षांमागेही लावला. पण हा फरक स्थिर नसतो. चांद्र वर्ष साधारण 354 दिवसांचं आणि आपल्या पंचांगासारखा अधिक महिना त्यात घालत नाहीत. म्हणून तर सोलापुरात रोजे कधी मेच्या उन्हात येतात, कधी डिसेंबरच्या थंडीत. दर वर्षी 11 दिवस धरले तर 110 वर्षांत 1210 दिवस होतात, म्हणजे सव्वातीन वर्षांहून थोडं जास्त. भावाचं उत्तर तेवढंच मागे गेलंय. 1337 च्या सुरुवातीला फरक 578 नव्हता, 581 होता.

गणितप्रेमींनी वर्ष बरोबर काढलं, पण दशांशातून महिना काढला तिथे घोटाळा झाला. 33 हिजरी वर्षं बरोबर 32 इंग्रजी वर्षांएवढी नसतात, सहा दिवसांनी जास्त भरतात. 1337 वर्षांत असे चाळीस फेरे झाले, म्हणजे आठेक महिने निसटले. उलट बाजूला 622 हा आकडा पाचेक महिन्यांनी जास्त आहे. आठ महिने कमी आणि पाच महिने जास्त, म्हणून उत्तर तीन महिने आधीचं आलं. वर्ष काढायला ती रीत चांगली आहे, महिना काढायला नाही. महिना हवा असेल तर हे वापरा:

```
1337 * 0.970224 + 621.5774 = 1918.767
```

हा आकडा वर्षाच्या पहिल्या दिवसाचा आहे. 365 चा 0.767 वा भाग म्हणजे 280 दिवस, म्हणजे 7 ऑक्टोबर. हिजरी 1337 सुरू झालं 7 ऑक्टोबर 1918 च्या सुमारास आणि संपलं सप्टेंबर 1919 च्या शेवटी. नुसता सन दिलेला असता तर 1918-19 असं जोडवर्षच लिहावं लागलं असतं. तुमच्याकडे महिना आहे, म्हणून 1918 पक्कं. 17 मोहरम म्हणजे 23 ऑक्टोबरच्या आसपास. मुंबई इलाख्यात साथीचा कळस सप्टेंबर-ऑक्टोबरातच झाला होता.

एक विनंती: वहीतला शेवटचा आकडा पुन्हा नीट बघा. उर्दूतला 7 खाली टोक असलेला असतो, 8 वर टोक असलेला. शाई पुसट असेल तर एकाचा दुसरा होतो.

विणकर_सोलापूर

सर, खूप आभार. आत्ताच वही उजेडात धरून पाहिली. टोक खालीच आहे, म्हणजे 7 च. पण वहीत जुमेरात लिहिलंय आणि 23 ऑक्टोबर 1918 ला बुधवार दाखवतोय. मग पुन्हा शंका आली.

नई_जिंदगी

बेटा, शंका कशाला. आपला दिवस मगरिबला बदलतो. बुधवारी सूर्य मावळला की जुमेरात लागते. मयत बुधवारी रात्री झाली असेल, दादीने जुमेरात लिहिलं. आमच्या घरात पण जुन्या लोकांचं असंच लिहिलेलं आहे.

मोडीवाचक

खाला, तुमचा मुद्दा मोलाचा आहे, पण त्यात एक पेच आहे. सूर्य मावळल्यावर वार बदलतो तशी तारीखही बदलते. बुधवारी 17 मोहरम असेल तर त्या रात्री 18 लागली. दादींनी 17 आणि जुमेरात दोन्ही लिहिलंय. दोन्ही खरं मानायचं तर सोलापुरात महिनाच एक दिवस उशिरा लागला असला पाहिजे, 7 ऐवजी 8 ऑक्टोबरला. तसं होऊ शकतं. सूत्र आणि मोबाईलमधली कॅलेंडरं गणिताने महिना लावतात, आपल्याकडे चाँद दिसल्यावर लागतो. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आभाळ असेल, चाँद दिसला नसेल, तर मागच्या महिन्याचे तीस दिवस पुरे केले असणार.

मात्र वाराचा मोठा उपयोग इथेच आहे. एक दिवसाचा फरक चालतो, त्याहून जास्त चालत नाही. तो आकडा 7 नसून 8 असता तर 17 मोहरम 1338 ला रविवार आला असता. रविवार आणि जुमेरात यांचा मेळ चाँदच्या एका दिवसाने बसत नाही. म्हणजे वारानेही 7 वर शिक्का मारला.

दादींच्या दसऱ्याच्या आठवणीला तर मी पुरावाच म्हणेन. चाँद दिसतो तो बहुतेक शुद्ध द्वितीयेच्या संध्याकाळी. 1918 ला सर्वपित्री अमावास्या 5 ऑक्टोबरच्या आसपास होती, तिच्यानंतर नवरात्र बसलं आणि मोहरमही लागला. दसरा शुद्ध दशमीला, ताबूत मोहरमच्या दहावीला, म्हणून दोन्ही एक-दोन दिवसांच्या अंतराने आले. 1915 ला मोहरम लागला नोव्हेंबरात, दिवाळी उरकल्यावर. त्या वर्षी दसऱ्यापाठोपाठ ताबूत येणं शक्यच नव्हतं. म्हाताऱ्या माणसांना सन आठवत नाही, सण आठवतात, आणि सणांवरून तारीख बांधता येते.

गणितप्रेमी

दशांशाची चूक मान्य. 33 च्या रीतीत सहा दिवस सुटतात हे कधी तपासलंच नव्हतं. पण माझ्या मोबाईलवरचं ॲप स्पष्ट 23 ऑक्टोबर दाखवतंय, तेच का कोरू नये?

मोडीवाचक

कारण ते गणिताचं उत्तर आहे, सोलापूरच्या आभाळाचं नाही. मी असतो तर "17 मोहरम 1337 हिजरी, जुमेरात" जसंच्या तसं कोरलं असतं आणि खाली फक्त "ऑक्टोबर 1918". रजिस्टरमध्ये नोंद सापडली तर दिवसही घाला.

बाळीवेसकर, आता तुमचं. पेन्सिलीच्या खाली मूळ कागदावर सन आकड्यात आहे की शब्दांत?

बाळीवेसकर

शब्दांत आहे. वाचणाऱ्याने बाजूला उतरवून ठेवलंय: "सु॥ अर्बा सबैन मया व अलफ". आणि खाली "छ 5 जमादिलावल".

मोडीवाचक

मग हे हिजरी नाहीच. "सु॥" म्हणजे सुहूर सन. शब्द अरबी आहेत, चार, सत्तर, शंभर, हजार, त्यामुळे आकडा 1174 बरोबर वाचलाय. पण सुहूर वर्ष सौर असतं, मृग नक्षत्राला सुरू होतं, 11 दिवसांची घसरण त्यात नाही. मृगापासून डिसेंबरपर्यंत 599 मिळवायचे, जानेवारीपासून पुढे 600. म्हणजे 1773-74. तुमचं उत्तर तेरा वर्षं मागे गेलं, पानिपत सोडून द्या.

आता गंमत बघा. वर्ष सौर, पण "छ" च्या पुढची तारीख चांद्र, हिजरी महिन्याची. म्हणून त्या मृगसालात जमादिलावल कधी आला ते शोधायचं. हिजरी 1187 लागलं मार्च 1773 च्या शेवटी, त्याचा पाचवा महिना जुलैत सुरू झाला. तुमचा कागद 25 जुलै 1773 च्या आसपासचा, नारायणरावांच्या खुनाच्या महिनाभर आधीचा. कुणाचा कागद आहे, कशाबद्दल आहे?

बाळीवेसकर

एका विहिरीच्या पाण्याच्या वाट्याबद्दल, एवढंच कळलंय. पूर्ण वाचून घेतो आणि इथेच टाकतो.

विणकर_सोलापूर

भावाला दसऱ्याचा मुद्दा वाचून दाखवला. 1915 त्याने सोडलं, पण 23 की 24 यावर तो अजून 23 वरच अडून आहे. ऑक्टोबर 1918 चं रजिस्टर बघायला आज नवा अर्ज दिलाय. पाटीवाल्याला दिवसाची जागा मोकळी ठेवायला सांगितलंय. त्या वर्षी सोलापुरात ताबूत कोणत्या वारी उठले याची कुणाच्या घरी, जुन्या वहीत, पत्रात नोंद असेल तर कृपया सांगा. मिरवणूक 16 ऑक्टोबरच्या बुधवारी निघाली की 17 च्या जुमेरातीला, एवढं कळलं तरी आमचं भांडण मिटेल.